लग्नघरात वायफाय लागेना? राउटरकडचे पत्ते संपलेत का ते आधी बघा

कराडला माझ्या आतेभावाच्या मुलाचं लग्न होतं. हळदीच्या दिवशी सकाळी साडेदहाला न्यू जर्सीतल्या चुलत्यांना व्हिडिओ कॉलवर घ्यायचं ठरलं होतं. त्यांना येता आलं नव्हतं, निदान हळद तरी डोळ्यांनी बघू दे अशी आत्याची फार इच्छा होती. त्यासाठी भाच्याने ऑफिसचा लॅपटॉप आणला, पासवर्ड टाकला आणि लॅपटॉप वायफायला जोडलाच जाईना. पासवर्ड तीनदा तपासला. शेजारीच बसलेल्या वहिनींच्या फोनवर मात्र यूट्यूब छान चालू होतं. कोणीतरी म्हणालं, वायफाय कमजोर आहे, केबल लावा. केबल लावली तरी इंटरनेट नाही.

त्या केबलनेच खरं कारण सांगितलं. रेडिओचा सिग्नल कमजोर असता तर केबलने काम व्हायला हवं होतं. केबलनेही होत नाही आणि जुने फोन मात्र नीट चालतात, याचा अर्थ नव्या उपकरणाला द्यायला राउटरकडे पत्ताच उरलेला नाही. घरी बारसं, साखरपुडा, वास्तुशांत, हळद असं काहीही असलं की ही अडचण येऊ शकते आणि बहुतेक वेळा तिचा दोष भलत्याच गोष्टीवर जातो. म्हणून ती कशी ओळखायची, चालू कार्यात कशी सोडवायची आणि पुढच्या वेळी ती येऊच नये म्हणून काय करायचं, ते सगळं इथे मांडतो.

## पत्ते संपतात म्हणजे काय होतं

घरातलं प्रत्येक उपकरण राउटरला जोडलं की त्याला एक क्रमांक मिळतो, उदाहरणार्थ `192.168.1.104`. हा त्याचा घरातल्या घरातला पत्ता. तो वाटणारी सोय राउटरमध्येच असते, तिचं नाव `DHCP`. वाटायला किती पत्ते ठेवायचे हे राउटरमध्ये आधीच ठरलेलं असतं. साध्या घरगुती जाळ्यात शेवटचा आकडा १ ते २५४ असू शकतो आणि त्यातला एक राउटर स्वतः घेतो. पण सगळेच्या सगळे पत्ते वाटायला काढलेले असतीलच असं नाही. काही राउटर शंभर ठेवतात, काही पन्नास, काही तर जेमतेम बत्तीस. चार-पाच माणसांच्या घराला तेवढे वर्षानुवर्षं पुरतात, त्यामुळे तिकडे कोणाचं लक्षही जात नाही.

आता खरी गोम. पत्ता कायमचा दिला जात नाही, ठरावीक मुदतीसाठी दिला जातो. या मुदतीला लीज म्हणतात. पुष्कळ राउटरांमध्ये ती चोवीस तासांची असते. फोन घरातच असला तर निम्मी मुदत संपताच तो मुदतवाढ मागतो आणि त्याला ती मिळते. पण पाहुणा उठून घरी गेला तर त्याचा फोन जाताना राउटरला काही कळवत नाही. सिग्नल तुटल्याचं राउटरच्या वायफायच्या भागाला कळतं, तरी पत्ते वाटणारा भाग त्या फोनचा पत्ता राखूनच ठेवतो. फोन परत आला तर त्याला जुनाच पत्ता मिळावा, हा त्यामागचा विचार. या पद्धतीचा आज चालू असलेला मसुदा १९९७ सालचा आहे. तेव्हा जाळ्याला जोडलेली यंत्रं बहुतेक टेबलावरच बसून असायची, म्हणून हा विचार अगदी बरोबर होता. लग्नघरात मात्र माणसं अर्ध्या तासासाठी येतात, चहा घेतात, निघून जातात आणि त्यांचा पत्ता दिवसभर अडकून राहतो.

म्हणजे एका वेळी घरात किती फोन आहेत हा हिशेब इथे चुकीचा ठरतो. एका मुदतीच्या आत किती वेगवेगळी उपकरणं येऊन गेली, ते मोजायला हवं.

कराडच्या घरात नेमकं हेच झालं. राउटर `192.168.1.100` ते `192.168.1.149` एवढेच पत्ते वाटत होता, म्हणजे पन्नास. मुदत चोवीस तास. घरची उपकरणं चौदा: सहा फोन, दोन लॅपटॉप, टीव्ही, टॅब, सेट टॉप बॉक्स, स्पीकर आणि गीझरला लावलेले दोन वायफाय प्लग. आदल्या संध्याकाळी मेंदीला सहा ते नऊच्या दरम्यान पाहुण्यांचे अठ्ठावीस फोन जोडले गेले. चौदा आणि अठ्ठावीस मिळून बेचाळीस. रात्री त्यातले सतरा फोनवाले आपापल्या घरी गेले, अकरा जण मुक्कामाला राहिले. सकाळी आचारी, मांडववाला, फोटोग्राफर आणि लवकर आलेले नातेवाईक असे आठ नवे फोन जोडले गेले आणि पन्नास भरले. भाच्याचा लॅपटॉप एक्कावन्नावा. त्या वेळी घरात प्रत्यक्ष तेहेतीसच उपकरणं होती. उरलेले सतरा पत्ते कधीच घरी पोचलेल्या फोनांच्या नावावर होते आणि संध्याकाळी सहाच्या आत त्यातला एकही सुटणार नव्हता.

## हीच अडचण आहे हे कसं ओळखायचं

नव्या फोनवर काय दिसतं तिथून सुरुवात करा. अँड्रॉइड फोन पासवर्ड स्वीकारतो, मग `Obtaining IP address…` इथेच घोटाळतो आणि शेवटी `IP configuration failure` किंवा तशाच अर्थाचा संदेश देऊन जोडणी सोडतो. आयफोन कधीकधी जोडल्यासारखा दिसतो, पण इंटरनेट चालत नाही. वायफायच्या नावापुढच्या `i` खुणेवर टिचकी मारली की तिथे `169.254` ने सुरू होणारा पत्ता दिसतो. विंडोजच्या लॅपटॉपवर `cmd` उघडून ही आज्ञा द्या:

```
ipconfig /all
```

पत्त्याच्या ओळीत `169.254` ने सुरू होणारा आकडा आला, तर लॅपटॉपने राउटरकडे मागणी केली, उत्तर आलं नाही आणि शेवटी त्याने स्वतःच एक पत्ता लावून घेतला, असा त्याचा अर्थ. या पत्त्याने इंटरनेट मिळत नाही.

पासवर्ड चुकला असेल तर गाडी त्याआधीच अडते आणि पासवर्ड चुकल्याचा संदेश येतो. पत्ता नीट `192.168` ने सुरू होणारा मिळाला आणि तरी पानं उघडत नसतील, तर दोष बाहेरच्या लाइनमध्ये आहे किंवा एकाच वेळी फार जण व्हिडिओ बघत आहेत. तिथे या लेखातले उपाय चालणार नाहीत.

मग राउटरच्या पानावर जाऊन खात्री करून घ्या. आधीपासून जोडलेल्या एखाद्या फोनच्या ब्राउझरमध्ये राउटरचा पत्ता टाका. तो बहुधा `192.168.1.1` किंवा `192.168.0.1` असतो. राउटरच्या मागच्या चिठ्ठीवर तो, नाव आणि पासवर्ड छापलेलं असतं. फोनच्या वायफाय माहितीत `Gateway` किंवा `Router` पुढे दिसतो तोही हाच पत्ता. आत गेल्यावर दोन याद्या शोधायच्या. एक `DHCP Client List` किंवा `DHCP Leases` नावाची, म्हणजे कोणाकोणाला पत्ता दिलेला आहे त्याची. दुसरी `Wireless Clients` किंवा `Connected Devices` नावाची, म्हणजे या क्षणी कोण जोडलेलं आहे त्याची. काही राउटर दोन्ही याद्या एकाच पानावर दाखवतात.

पहिल्या यादीत नोंदी किती ते मोजा आणि वाटायचे पत्ते किती आहेत त्याच्याशी ताडून बघा. आकडा जुळला तर निदान पक्कं. कराडला पहिल्या यादीत पन्नास नोंदी होत्या, दुसरीत तेहेतीस. ते सतरांचं अंतर बघितल्यावर आणखी शोधायला काही उरलं नाही.

एक गोष्ट इथेच सांगून ठेवतो, कारण ती सहज फसवते. काही स्वस्त राउटरांच्या वायफायलाही संख्येची मर्यादा असते, २.४ किंवा ५ गिगाहर्ट्झच्या एका पट्ट्यावर बत्तीस उपकरणं वगैरे. दुसऱ्या यादीतला आकडा बत्तीस किंवा चौसष्ट अशा ठिकाणी अडकलेला दिसत असेल आणि पहिल्या यादीत अजून जागा असेल, तर अडचण वायफायची आहे, पत्त्यांची नाही. अशा वेळी केबल लावलेला लॅपटॉप लगेच चालू होतो. केबलची ती चाचणी म्हणूनच फार उपयोगी आहे, दोन्ही कारणं एका मिनिटात वेगळी करून देते.

## कार्य चालू आहे, लोक वाट बघताहेत: आता काय करायचं

राउटरचा पासवर्ड हाताशी असेल तर पत्त्यांचा साठा वाढवणं हा सगळ्यात चांगला उपाय. `LAN` किंवा `Network` या भागात `DHCP Server` नावाचं पान असतं. त्यात `Start IP Address` आणि `End IP Address` असे दोन रकाने दिसतील. काही राउटर शेवटच्या पत्त्याऐवजी `Pool Size` किंवा `Maximum Number of Users` विचारतात. तिथे पत्ते किती हवेत तो आकडा टाकायचा.

साठा कोणत्या बाजूने वाढवायचा, इथे जरा थांबून विचार करा. कराडला आतेभाऊ म्हणाला, सुरुवातच `192.168.1.2` पासून करू, म्हणजे सगळे पत्ते मिळतील. पण त्यांच्या सीसीटीव्हीच्या डीव्हीआरला बसवणाऱ्याने `192.168.1.50` हा पत्ता हाताने लावून दिलेला होता. त्याची नोंद राउटरकडे नाही. साठा २ पासून सुरू केला असता तर राउटरने कधी ना कधी ५० हा पत्ता एखाद्या पाहुण्याच्या फोनला दिला असता आणि मग दोघांपैकी एकाचं काम मधूनमधून बंद पडत राहिलं असतं. ही अडचण नंतर शोधून काढणं फार अवघड जातं. म्हणून आम्ही सुरुवात १०० वरच ठेवली आणि शेवट १४९ वरून `192.168.1.249` वर नेला. शंभर पत्ते वाढले, जुन्या कोणाला धक्का लागला नाही. तुमच्याकडे डीव्हीआर, प्रिंटर किंवा दुसरा राउटर असेल तर त्याचा पत्ता आधी बघून घ्या आणि तो नसेल त्या बाजूला साठा वाढवा.

त्याच पानावर `Lease Time` किंवा `Address Lease Time` असा रकाना असतो. ती मुदत एका तासावर आणा. मात्र रकान्याशेजारचं एकक वाचल्याशिवाय आकडा टाकू नका. काही राउटर मिनिटांत विचारतात, तिथे एका तासासाठी `60` टाकायचे. काही सेकंदांत विचारतात, तिथे `3600`. सेकंदांच्या रकान्यात ६० टाकले तर प्रत्येक फोन दर अर्ध्या मिनिटाला मुदतवाढ मागत बसेल आणि राउटरला उगाच भार होईल. चोवीस तास म्हणजे मिनिटांत १४४० आणि सेकंदांत ८६४००. रकान्यात आधीचा आकडा कोणता आहे यावरून एकक कोणतं ते लगेच कळतं.

मुदत कमी करण्याबद्दल एक गैरसमज आहे. मुदत कमी केली की अडकलेले पत्ते लगेच सुटतात, असं वाटतं. तसं होत नाही. ज्यांना आधीच चोवीस तासांसाठी पत्ता दिलेला आहे, त्यांची ती मुदत तशीच राहते. नवी मुदत नव्याने पत्ता घेणाऱ्यांना आणि मुदतवाढ मागणाऱ्यांनाच लागू होते. म्हणून चालू कार्यात नुसती मुदत बदलून भागत नाही, साठा वाढवावाच लागतो. मुदत कमी करायची ती पुढच्या तासांसाठी.

बदल साठवले की बरेच राउटर स्वतःला बंद करून चालू करतात. त्यात दोन-तीन मिनिटं सगळ्यांचं इंटरनेट जातं, म्हणून आचाऱ्याचं ऑनलाइन पेमेंट चालू असेल किंवा कोणी कॉलवर असेल तर आधी सांगून ठेवा. राउटर परत आला की जोडलेले फोन आपला जुनाच पत्ता पुन्हा मागतात आणि बहुधा तोच मिळतो. अडलेल्या लॅपटॉपला मात्र नव्याने मागणी करायला लावावी लागते. वायफाय बंद-चालू केलं तरी पुरतं, किंवा विंडोजवर:

```
ipconfig /release
ipconfig /renew
```

आम्ही हे केलं आणि लॅपटॉपला `192.168.1.150` मिळाला. कॉल लागायला अकरा वाजले, पण उष्टी हळद लागताना चुलते पडद्यावर होते.

## राउटरचा पासवर्डच कोणाला माहीत नसेल तर

हे फार वेळा होतं. लाइन लावायला आलेल्या माणसाने पासवर्ड बदललेला असतो आणि तो त्याच्याकडेच राहतो.

अशा वेळी राउटर बंद करून अर्ध्या मिनिटाने चालू करणं एवढंच हातात असतं. पुष्कळ घरगुती राउटर दिलेल्या पत्त्यांची यादी तात्पुरत्या स्मृतीत ठेवतात, ती वीज गेली की पुसली जाते. मग जे फोन घरात आहेत तेच पत्ते घेतात आणि गेलेल्यांचे मोकळे होतात. कराडला एवढंच केलं असतं तर सतरा जागा मिळाल्या असत्या. काही राउटर ही यादी कायमच्या स्मृतीत ठेवतात, तिथे बंद-चालू करून काहीच फरक पडत नाही. आणि फरक पडला तरी तो तात्पुरता, कारण नवे पाहुणे आले की त्या सतरा जागाही दिवसभरासाठी अडकणारच. राउटरच्या मागचं `Reset` हे बारीक छिद्र मात्र टाचणीने दाबू नका. त्याने लाइनची सेटिंगंही पुसली जाऊ शकतात आणि मग ऐन कार्यात कोणाचंच इंटरनेट चालणार नाही.

एकाच महत्त्वाच्या उपकरणाचं काम अडलं असेल तर त्याला पत्ता हाताने लावता येतो. लॅपटॉपच्या किंवा फोनच्या वायफाय सेटिंगमध्ये त्या जाळ्यासाठी `IP settings` मध्ये `DHCP` ऐवजी `Static` किंवा `Manual` निवडा आणि हे भरा:

```
IP address : 192.168.1.200
Subnet mask: 255.255.255.0
Gateway    : 192.168.1.1
DNS        : 192.168.1.1
```

अँड्रॉइड फोनवर मास्कऐवजी `Network prefix length` विचारलं तर `24` टाका. पहिले तीन आकडे तुमच्या राउटरच्या पत्त्यासारखेच हवेत. शेवटचा आकडा असा निवडा की तो वाटायच्या साठ्यात पडणार नाही. राउटरच्या पानावर जाता येत नसेल तर चार-सहा जोडलेल्या फोनांचे पत्ते बघा. सगळे १०० ते १४९ मध्ये असतील तर २०० सुरक्षित असण्याची शक्यता चांगली. जोडल्यावर लगेच इंटरनेट चाललं तर पत्तेच संपले होते, याचा दुसरा पुरावाही मिळतो. काम झाल्यावर त्या उपकरणाचं सेटिंग परत `DHCP` किंवा `Automatic` वर नेऊन ठेवा. ते राहिलं तर दुसऱ्या कोणत्या वायफायमध्ये गेल्यावर, पत्त्याची पद्धत तिथे वेगळी असेल तर, ते चालणार नाही आणि कारण लक्षात यायला वेळ लागेल.

## आदल्या दिवशीची तयारी

मुदत बदलून खरा फायदा हवा असेल तर तो बदल कार्याच्या किमान एक दिवस आधी करायला हवा. चोवीस तासांची जुनी मुदत तोवर संपून घरच्या सगळ्या उपकरणांवर नवी मुदत लागलेली असते आणि पहिला पाहुणा येतो तेव्हा साठा स्वच्छ असतो.

किती पत्ते लागतील याचा हिशेब साधा आहे. घरची उपकरणं, एका वेळी जोडलेले असतील असे पाहुण्यांचे जास्तीत जास्त फोन आणि गेल्या एका मुदतीत येऊन गेलेले फोन, या तिघांची बेरीज. मुदत एक तासाची असेल तर शेवटचा आकडा लहान राहतो, चोवीस तासांची असेल तर तोच सगळ्यात मोठा होतो. कराडला त्या दिवशी दुपारी दीडला, पंगती चालू असताना, मी याद्या परत बघितल्या. जोडलेली उपकरणं सेहेचाळीस आणि दिलेले पत्ते अठ्ठावन्न. मधले बारा म्हणजे गेल्या तासाभरात जेवून निघालेली माणसं. मुदत एक तासावर आणूनही अठ्ठावन्न लागले, म्हणजे पन्नासांच्या जुन्या साठ्यात दीडला परत तेच झालं असतं. आणि मुदत चोवीस तास ठेवून नुसता साठा वाढवला असता, तर संध्याकाळच्या गर्दीपर्यंत दीडशेही कमी पडतील अशी भीती होती. त्या दिवशी दोन्ही बदल लागले.

मुदत तासाहून फार कमी करण्यात काही हाती लागत नाही. एक ते दोन तास हा घरगुती कार्याला योग्य आकडा आहे असं माझं मत आहे.

तयारीतला दुसरा भाग म्हणजे ज्या उपकरणाशिवाय कार्य अडेल त्याच्यासाठी जागा राखणं. राउटरमध्ये `Address Reservation` किंवा `Static DHCP` नावाची सोय असते. तिथे उपकरणाचा `MAC` क्रमांक, म्हणजे जाळ्यात त्याला ओळखायचा त्याचा स्वतःचा क्रमांक, आणि हवा तो पत्ता लिहून ठेवला की तो पत्ता दुसऱ्या कोणालाही दिला जात नाही, सगळा साठा भरला तरी नाही. व्हिडिओ कॉलचा लॅपटॉप, प्रक्षेपण करणाऱ्या मुलाचा फोन, एवढ्यांसाठी ते करून ठेवा. फोन असेल तर त्याच्या वायफाय सेटिंगमध्ये `Use device MAC` निवडा, आयफोनवर `Private Wi-Fi Address` बंद करा, आणि मगच तो क्रमांक लिहून घ्या.

हे का, ते समजून घेण्यासारखं आहे, कारण त्यातून आणखी एक गळती कळते. अँड्रॉइड १० पासून, म्हणजे २०१९ पासून, आणि आयफोनवर आयओएस १४ पासून, म्हणजे २०२० पासून, फोन वायफायला आपला खरा क्रमांक सहसा सांगत नाहीत. प्रत्येक वायफायच्या नावासाठी ते एक वेगळा बनावट क्रमांक वापरतात. माणसाचा माग काढता येऊ नये म्हणून ही सोय आहे आणि ती चांगलीच आहे. पण तुमच्या राउटरवर `Patil_Home` आणि `Patil_Home_5G` अशी दोन नावं असतील आणि पाहुणा आधी एकाला, मग दुसऱ्याला जोडला गेला, तर राउटरच्या दृष्टीने ते दोन निरनिराळे फोन ठरतात आणि एका माणसापाठी दोन पत्ते जातात. अंगणात गेलं की एक नाव, दिवाणखान्यात आलं की दुसरं, असं दिवसभर चालतं. म्हणून पाहुण्यांना एकच नाव आणि एकच पासवर्ड सांगा. राउटरमध्ये दोन्ही पट्ट्यांना एकच नाव देण्याची सोय असेल, बहुधा `Smart Connect` किंवा `Band Steering` या नावाने, तर ती चालू करा.

## पाहुण्यांसाठी वेगळं जाळं आणि दुसरा राउटर

`Guest Network` चालू करावं असं बरेच जण सुचवतात. डीव्हीआर आणि घरचे लॅपटॉप परक्या फोनांपासून वेगळे राहावेत म्हणून ते उत्तमच आहे. पण पत्ते वाढतील म्हणून चालू करत असाल तर आधी तपासून बघा. एक फोन पाहुण्यांच्या जाळ्याला जोडा आणि त्याचा पत्ता बघा. घरच्या फोनचा पत्ता `192.168.1` ने सुरू होत असेल आणि याचा `192.168.3` किंवा तसा वेगळा, तर पाहुण्यांचा साठा स्वतंत्र आहे. दोन्हींची सुरुवात सारखी असेल तर दोघं एकाच साठ्यातून पत्ते घेत आहेत आणि पत्त्यांच्या बाबतीत काहीच फायदा नाही.

घरात जुना राउटर पडून असेल तर मांडवासाठी तो फार कामी येतो. त्याच्या `WAN` तोंडाला मुख्य राउटरच्या `LAN` तोंडातून केबल आणा. दुसऱ्या राउटरच्या घरगुती बाजूचा पत्ता `192.168.10.1` करा, म्हणजे दोन्हीकडची पत्त्यांची मालिका वेगळी राहते. त्याचा स्वतःचा `DHCP` चालू ठेवा आणि वायफायला वेगळं नाव द्या. मांडवातले सगळे फोन या राउटरकडून पत्ते घेतात आणि मुख्य राउटरला तो एकच उपकरण म्हणून दिसतो, म्हणजे तिकडचा एकच पत्ता खर्च होतो. वायफायची गर्दीही दोन रेडिओंत वाटली जाते, हा आणखी एक लाभ. यात एक तडजोड आहे: घरातल्या फोनवरून मांडवातल्या उपकरणांपर्यंत थेट पोचता येत नाही. एका दिवसाच्या कार्यात ते कोणाला जाणवत नाही.

इथे चूक होते ती केबल लावण्यात. केबल `WAN` ऐवजी दुसऱ्या राउटरच्या `LAN` तोंडात लावली आणि त्याचा `DHCP` चालूच राहिला, तर एकाच जाळ्यात पत्ते वाटणारे दोघं होतात. मग काही फोनांना दुसऱ्या राउटरची मालिका मिळते, त्यांचं इंटरनेट चालत नाही, आणि कोणाचं चालेल कोणाचं नाही याचा काही नियम उरत नाही. घरच्या बाजूला जोडलेल्या फोनवर `192.168.10` ने सुरू होणारा पत्ता दिसला तर हेच झालंय असं समजा आणि केबल जागेवर लावा. दुसरा राउटर `Access Point` पद्धतीने लावला तर पत्ते मुख्य राउटरच देतो. त्याने सिग्नलची पोच वाढते, पत्ते वाढत नाहीत.

सबनेट मास्क `255.255.254.0` करून पाचशेच्या वर पत्ते मिळवता येतात, हेही काही जण सांगतील. ते खरं आहे. पण लाइनसोबत मिळणाऱ्या कित्येक राउटरांत तो बदल करू दिला जात नाही, हाताने पत्ता लावलेल्या डीव्हीआरवरही तोच मास्क बदलावा लागतो आणि घरगुती राउटरचं वायफाय तेवढ्या फोनांच्या आधीच दमतं. दोनशेहून जास्त फोन जोडले जाणार असतील तर दुसरा राउटर लावा, मास्कच्या वाटेला जाऊ नका.

## पाहुणे गेल्यावर

वाढवलेला साठा तसाच राहू द्या, त्याने काही बिघडत नाही. मुदतही एक-दोन तासांची राहिली तरी चालते. मुख्य वायफायचाच पासवर्ड सगळ्यांना दिला असेल तर मात्र तो बदला, म्हणजे पुढच्या वेळी आलेले फोन खिशातल्या खिशात आपोआप जोडले जाऊन पत्ते घेणार नाहीत. घरच्या टीव्हीवर, गीझरच्या प्लगवर आणि स्पीकरवर नवा पासवर्ड टाकावा लागेल, त्याला अर्धा तास धरा.

डीव्हीआरचा पत्ता, साठ्याची सुरुवात आणि शेवट, राउटरच्या पानाचं नाव आणि पासवर्ड हे एका कागदावर लिहून तो राउटरजवळ, कपाटाच्या आतल्या बाजूला चिकटवा. कराडच्या घरात तो कागद आता मीटरच्या पेटीशेजारी आहे आणि मार्गशीर्षात त्यांच्याकडे पूजा आहे तेव्हा भाचा स्वतःच आदल्या दिवशी याद्या बघणार आहे.